वाण्याच्या यादीतून उतरलेलं वजन: पर्वती पायथ्याच्या एका घराचं प्रकरण

वय ४४, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. लक्ष्मी रोडच्या एका साड्यांच्या दुकानात नोकरी, म्हणजे सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ गादीवर बसून घड्या उलगडायच्या आणि परत घालायच्या. घर पर्वती पायथ्याला. नवरा रिक्षा चालवतो, मुलगा कॉलेजात, सासूबाई सत्तरीच्या. रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ५.९ टक्के, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर. हिमोग्लोबिन १०.८. थायरॉइड नीट, रक्तदाब नीट. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आणि वजन कमी करायला सांगून माझ्याकडे, आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. हे प्रकरण या बाईंच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना ताईच म्हणते.

ताई आल्या तेव्हा पिशवीत पावडरचा डबा होता. ओळखीच्या एका बाईंनी दिलेला, दोन हजारांच्या वर किंमत, सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी शेक प्यायचा. महिन्यात अडीच किलो उतरले होते, डबा संपल्यावर दीड महिन्यात तीन किलो परत आले होते. नवीन डबा घ्यावा का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी डब्याबद्दल काही बोलले नाही. पुढच्या वेळी येताना वाण्याची गेल्या महिन्याची यादी आणा म्हटलं.

काल काय खाल्लंत असं विचारलं की लोक आठवून, थोडं सावरून सांगतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, पण चहाबरोबरची खारी आणि भाजीतलं तेल कुणाच्या लक्षात राहत नाही. किराणा यादी असं काही लपवत नाही. महिनाभर घरात जे आलं ते कुणाच्या तरी पोटात गेलंच आहे.

यादीत काय होतं

चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेलाचा कॅन. माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त कॅलरी नुसत्या तेलाच्या. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला चार ते पाच छोटे चमचे तेल पुरतं. इथे आठ होत होते. साखर चार किलो. साबुदाणा दीड किलो, कारण ताई गुरुवार आणि चतुर्थी धरतात, सासूबाई त्यात सोमवारची भर घालतात. पोहे दोन किलो, रवा एक किलो, तूरडाळ अडीच किलो. मूग, मटकी, मसूर, हरभरा यांपैकी काहीच नाही. फक्त अर्धा किलो छोले, तेही मुलाच्या आवडीचे म्हणून. गहू आणि तांदूळ रेशनचे. खारी, फरसाण आणि बिस्किटं वेगळ्या दुकानातून येत होती, ती नंतर विचारून लिहून घेतली.

आता ताईंचा दिवस यादीशेजारी ठेवून पाहिला. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन खाऱ्या. नऊला पोहे किंवा उपमा. दुपारच्या डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, कधी फ्लॉवर. पाचला दुकानात चहा, आठवड्यातून चार दिवस त्याबरोबर वडापाव. रात्री दहाला भात, पातळ आमटी, सकाळची उरलेली भाजी आणि उरली असेल तर एक पोळी. माझ्या हिशेबाने रोज १८०० ते १९०० कॅलरी. आकडा राक्षसी नाही. ताई काही बकाबका खात नव्हत्या. त्यांच्या शरीराला आणि बैठ्या कामाला साधारण तेवढंच लागत होतं, म्हणून वजन वरच स्थिरावलं होतं. फायबर मात्र, ज्याला आपल्या आया चोथा म्हणायच्या, जेमतेम १५ ग्रॅम. त्यांच्या वयाच्या बैठ्या कामाच्या बाईला २५ ग्रॅम तरी हवं, आणि वजन उतरवायचं असेल तर मला ३०च्या पुढे आवडतं.

फायबर चरबी जाळत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. त्याचं काम वेगळं आहे. सालासकट मटकीची वाटीभर उसळ चावायला वेळ घेते, पोटात जागा धरते, हळूहळू पुढे सरकते. तेवढ्याच कॅलरीचा वडापाव चार घासांत संपतो आणि दोन तासांत परत भूक लागते. फायबरवाल्या जेवणात कमी कॅलरीत माणूस उठू शकतो, पण ते जेवण कशाच्या तरी *जागी* आलं पाहिजे. आधीच्या ताटावर नुसती भर घातली तर वजन वाढेल.

चाळणी

गव्हाबद्दल विचारताना ताई सहज म्हणाल्या, "पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून मी मैद्याच्या चाळणीने चाळते, मॅडम. कोंडा खालच्या गोठ्यात देते."

त्यांना एकदा तो कोंडा गोठ्यात न देता वाण्याच्या काट्यावर ठेवायला सांगितला. पाच किलो दळणातून सव्वातीनशे ग्रॅम निघाला. वजनाने फार नाही, पण गव्हातला चोथा मुख्यतः त्या सालपटातच असतो, त्यामुळे पिठातल्या एकूण फायबरचा पाव हिस्सा तरी म्हशीच्या वाट्याला जात होता. रेशनच्या गव्हात खडे-कचरा असतो म्हणून चाळणं भाग आहे, पण त्यासाठी गहू निवडून, चाळून दळायला द्यावा. पीठ चाळायचंच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी वापरावी. पीठ भिजवल्यावर अर्धा तास झाकून ठेवलं आणि पाणी किंचित जास्त घातलं की कोंड्यासकट पोळीही मऊ होते. कोंडा पाणी ओढतो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. या एका बदलाला पैसा लागला नाही.

ज्वारीबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. पुण्यात वजन कमी करायचं म्हटलं की सगळे ज्वारीच्या भाकरीकडे धावतात. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्या, सव्वातीनशेच्या आसपास, आणि फायबरही सारखंच, दहा-अकरा ग्रॅम. ज्वारीने वजन उतरतं असं नाही. मग या योजनेत भाकरी का घेतली? पोळीला घडीत तेल लागतं, वरून तूप लागतं. भाकरीला दोन्ही लागत नाही, आणि ती चावावी लागते. म्हणून रात्रीच्या जेवणात भाकरी, दुपारच्या डब्यात पोळी. महिन्याला चार किलो ज्वारी पुरली. ज्यांना भाकरी जमत नाही किंवा ज्वारी महाग पडते त्यांनी पीठ न चाळता फुलके करावेत; फारसं काही बिघडत नाही.

खरा फरक डाळीत होता. तूरडाळीत शंभर ग्रॅमला नऊ ग्रॅम फायबर, तर सालासकट मसूर, मूग आणि मटकीत पंधरा ते सतरा, आणि अख्ख्या हरभऱ्यात पंचवीसच्या आसपास. साल काढलं की निम्मं जातं. अख्खा मसूर आमच्याकडे तूरडाळीपेक्षा स्वस्त मिळतो, तरी त्याला पाहुण्यांच्या ताटात जागा नाही, हे मला कधी कळलं नाही.

ठरवलेलं ताट

लक्ष्य साधारण १४५० कॅलरी ठेवलं, म्हणजे रोज चारशेच्या आतबाहेर तूट. कागदावर महिन्याला दीड किलो, प्रत्यक्षात एक किलो उतरलं तरी पुष्कळ. ताईंना आकडे दिले नाहीत, वाट्या दिल्या.

सकाळी उठल्यावर दोन फुलपात्री पाणी, मग एक चमचा साखरेचा चहा, खारीशिवाय. नऊला आठवड्यातून चार दिवस वाटीभर उसळ आणि एक फुलका, दोन दिवस मुगाचं धिरडं, एक दिवस पोहे. पण त्या पोह्यांत पोहे एक मूठ आणि वाटाणा, गाजर, मोड आलेली मटकी मिळून दोन मुठी. डब्यात दोन पोळ्या, वाटीऐवजी मोठी कटोरी भरून भाजी, आणि काकडी किंवा गाजर चिरून. पाचच्या चहाबरोबर सालासकट फुटाणे एक मूठ, साधारण तीस ग्रॅम. पेरूचे दिवस असतील तर पेरू. रात्री एक मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट आमटी किंवा अख्खा मसूर, भाजी, आणि भात हवाच असेल तर एक छोटी वाटी. भात बंद केला नाही. आमटी-भाताशिवाय झोप येत नाही असं ताई म्हणाल्या. ते खरं मानलं.

भाजी कुठून आणायची, हाही प्रश्न होता. ताई दुकान सुटल्यावर महात्मा फुले मंडईवरून घरी जातात. रात्री आवराआवरीच्या वेळी पालेभाज्यांच्या जुड्या उतरत्या भावात मिळतात, थोड्या मलूल असतात एवढंच. संक्रांतीनंतर आम्ही सुरुवात केली तेव्हा मेथी, पालक, मुळा, गाजर, मटार सगळं मुबलक होतं. जुडी निवडायला वेळ नाही, ही खरी अडचण होती. ती सासूबाईंनी सोडवली. त्या दुपारी मालिका बघत आदल्या रात्रीची जुडी निवडून धुऊन ठेवायला लागल्या. शिवाय जे टाकलं जायचं ते ताटात आणलं. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ, नवलकोलाची पानं भाजीत. उन्हाळ्यात दोडक्याच्या शिरांची चटणी. ही चटणी सासूबाईंना येत होती, वीस वर्षं केली नव्हती.

सगळं एकदम सुरू करायचं नव्हतं. पहिले दोन आठवडे फक्त तेल, साखर, खारी आणि चाळणी. तिसऱ्या आठवड्यापासून उसळ, तीही अर्धी वाटी आणि एक दिवसाआड. सहाव्या आठवड्यात पूर्ण ताट. पंधरा ग्रॅमची सवय असलेल्या आतड्याला एका रात्रीत पस्तीस दिले तर ते बंड करतं.

तेलाचं एकच सांगितलं. कॅनमधून थेट कढईत ओतायचं नाही. सोमवारी सातशे मिलिलिटर तेल एका बाटलीत काढायचं आणि ते रविवारपर्यंत पुरवायचं. महिन्याला तीन लिटर. शुक्रवारी बाटली संपली तर शनिवार-रविवार उकडलेलं, भाजलेलं आणि कच्चं खायचं. पहिल्या आठवड्यात बाटली गुरुवारीच संपली.

तिसऱ्या आठवड्यात बिघडलं ते

ताई ठरल्या दिवसाच्या आधीच आल्या, वैतागून. पोट फुगलेलं, दुकानात बसवत नाही, गिऱ्हाइकासमोर लाज वाटते. दोन दिवस शौचाला झालेलं नाही. आणि काट्यावर आदल्या आठवड्यापेक्षा सहाशे ग्रॅम *जास्त*. "यापेक्षा पावडर बरी होती," म्हणाल्या.

विचारत गेले तेव्हा तीन गोष्टी एकात एक अडकलेल्या निघाल्या.

पहिली, मटकी. मोबाईलवर कुणीतरी कच्चं कडधान्य खायला सांगितलं म्हणून अर्धी वाटी उसळ सोडून ताई रोज मोठी वाटी भरून कच्ची मोड आलेली मटकी खात होत्या. कडधान्यात काही साखरी असतात ज्या आपल्या लहान आतड्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणले आणि शिजवलं की हा त्रास पुष्कळ कमी होतो. हिंग, आलं आणि जिऱ्याची फोडणी चवीला आहेच, पण पोटालाही बरी. मटकी थांबवून दोन आठवडे फक्त मूग दिले. मूग सगळ्यांत सोसतो. मग मसूर, मग मटकी, आणि हरभरा सगळ्यात शेवटी.

दुसरी, लोहाची गोळी. तिने अनेकांना बद्धकोष्ठ होतं. गोळी बंद करायची नव्हती, हिमोग्लोबिन खाली होतं. त्या ती सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या, आणि चहाने लोह नीट शोषलं जात नाही. कोंडा आणि कडधान्याच्या सालानेही थोडं अडतं. डॉक्टरांशी बोलून गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची ठरली. जेवणानंतर लगेच चहा नाही, तासाभराने.

तिसरी गोष्ट काढायला वेळ लागला. दिवसभरात पाणी किती पिता, तर "भरपूर". बाटली किती मोठी, तर एक लिटरची. संध्याकाळी घरी जाताना किती उरते? ताई थोड्या थांबल्या. "अर्ध्याहून जास्त. दुकानात बायकांना जायची सोय नाही, मॅडम. चौकातलं सार्वजनिक आहे, पण तिथे पाय ठेववत नाही. मग कशाला प्यायचं?"

पुण्याच्या बाजारपेठेतल्या कितीतरी बायका अशाच उपाशी नाही तर तहानलेल्या बसतात, आणि आपण त्यांना फायबर वाढवा असं सांगून मोकळे होतो. फायबर पाण्याशिवाय वाढवलं तर ते आतड्यात फुगायच्या ऐवजी घट्ट होऊन बसतं. म्हणजे माझ्या योजनेने त्यांचा त्रास वाढवला असता, कमी नसता केला. दुकानाची सोय आम्ही बदलू शकत नव्हतो. पाण्याच्या वेळा बदलल्या. उठल्यावर दोन फुलपात्री, नाश्त्यानंतर एक, निघायच्या तासभर आधी एक. डब्याबरोबर वाटीभर ताक. दुपारी शेजारच्या गल्लीत ओळखीच्या कापडवाल्यांचं घर वरच होतं, तिथे जायला त्यांच्या वहिनींना विचारून घेतलं. मग दुकानात अर्धी बाटली संपू लागली. घरी आल्यावर रात्री जेवणाआधी दोन फुलपात्री. भाज्या, आमटी आणि ताकातलं पाणी धरलं तर दिवसाचं भागत होतं.

आणि ते वाढलेले सहाशे ग्रॅम? ती चरबी नव्हती. आतड्यात चोथा जास्त आणि अडलेला, त्याने धरलेलं पाणी वेगळं. दहा दिवसांत पोट मोकळं झालं आणि काटा खाली आला. फायबर वाढवल्यावर पहिल्या महिन्यात रोज वजन करू नये, ते यासाठी. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी. थोडा वायू, थोडी गुरगुर दोन-तीन आठवड्यांत बसते. पण पोटात कळा, उलटी, शौचात रक्त किंवा चार-पाच दिवस काहीच न होणं, यातलं काही असेल तर आहार थांबवून डॉक्टरकडे जायचं, हे मी कागदावर लिहून देते.

उपवास

गुरुवार सोडायला ताई तयार नव्हत्या आणि मीही सांगितलं नाही. फक्त गुरुवारचा हिशेब दाखवला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चोथा जवळपास शून्य. त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि दोन पळ्या तूप घालून एक बशी खिचडी म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी, आणि उपवास म्हणून ती दोन वेळा होते. आठवड्यातला सर्वांत जड दिवस उपवासाचा. भगर घ्या असं पटकन सांगितलं जातं, पण बाजारातली भगर कांडून साल काढलेली असते. तिच्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही दुपारी उकडलेलं रताळं सालासकट, काकडीची कोशिंबीर आणि ताक ठरवलं. संध्याकाळी राजगिऱ्याची भाकरी आणि भेंडीची भाजी, कारण त्यांच्या घरी उपवासाला भेंडी चालते. सासूबाईंच्या सोमवारी साबुदाणा राहिला. सत्तरीत दात नसताना त्यांना रताळं कोरडं लागतं, आणि त्यांचं वजन उतरवायचंही नव्हतं.

जिथे काटा अडला

चौथ्या आठवड्याअखेर ७३.१, नवव्या आठवड्यात ७१.३. मग मार्चअखेरपासून जवळपास महिनाभर काटा हललाच नाही. ७१.२, ७१.४, ७१.३. ताई म्हणत होत्या, काहीच बदललं नाही. मी पुन्हा यादी मागितली.

शेंगदाणे. जानेवारीत अर्धा किलो यायचे, मार्चमध्ये दीड किलो. उन्हाळ्यात पालेभाज्या महागल्या आणि कडूशार झाल्या, मग दुधी, गवार, काकडी घशाखाली उतरावी म्हणून प्रत्येकात मूठभर कूट पडू लागलं. तेल कमी केलेल्या भाजीला चव आणायला तोच सोपा उपाय. शेंगदाण्यात फायबर आहे हे खरं, पण जवळपास निम्मं तेलच आहे. एका मोठ्या चमच्याला पन्नास कॅलरीच्या वर. बाटलीतलं तेल वाचवून ताई कुटातून तेच पोटात घेत होत्या.

दुसरं कारण भाकरी. सुरुवातीला भाकरी जमत नव्हती तेव्हा ती छोटी व्हायची. हात बसला तशी ती थाळीएवढी झाली. एका रविवारी त्यांनी उंड्याचं पीठ वाण्याच्या काट्यावर मोजून पाहिलं: पन्नास ग्रॅमच्या जागी पंचाहत्तर. आणि भूक लागली म्हणून एकाऐवजी दोन. "भाकरीने कुठं वजन वाढतं?" हा घरातल्या सगळ्यांचा प्रश्न होता. वाढतं. कूट आणि भाकरी मिळून आमची चारशेची तूट जवळपास भरून निघाली होती. शिवाय ७४चं शरीर ७१वर आलं की त्याला लागणारं इंधनही थोडं घटतं, म्हणून तीच योजना हळूहळू बोथट होते. हे प्रत्येकात होतं.

उपाय लहान होते. भाकरीला पीठ अर्धी वाटी सपाट, त्याहून नाही. कूट आठवड्याला एका छोट्या डबीत, डबी संपली की संपलं. चव आणायला लसूण, ओली मिरची, लिंबू, कैरीचा कीस आणि भाजलेल्या जवसाची चटणी, तीही चिमूटभर. आणि ताई मंडईपासून घरापर्यंत बसऐवजी चालत जायला लागल्या, पिशवी हातात घेऊन. ते मी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात बस गच्च भरून येते म्हणून. त्यामुळे पुढच्या घसरणीचं सगळं श्रेय ताटाला देता येणार नाही.

पैसे

सुरुवातीची यादी आणि बदलानंतरच्या एका महिन्याची यादी शेजारी ठेवल्या. नवीन आलं ते: ज्वारी चार किलो २२० रुपये, अख्खा मसूर किलोभर ९०, मटकी किलोभर १२०, फुटाणे १३०, आणि भाजीचे वाढलेले साडेचारशे. गेलं ते: तेल दोन लिटर २८०, साखर दीड किलो ६७, साबुदाणा किलोभर ७०, तूरडाळ अर्धा किलो ८०, खारी-फरसाण-बिस्किटं ४५०, वडापाव २४०. हिशेब ११८७ गेले आणि १०१० आले, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास उरले. भाव दर महिन्याला हलतात, शेंगदाण्याचा तो महिना वगळूनच हा हिशेब आहे, आणि रेशनचे गहू-तांदूळ नसते तर चित्र वेगळं दिसलं असतं. दळणही आलं, ज्वारीचं वेगळं. पण कुठलीही खास पावडर, ओट्स, डाएट बिस्किट किंवा परदेशी बिया न आणता घरखर्च वाढला नाही, इतकं नक्की.

नवऱ्याची तक्रार महिनाभर होती, त्यांना रात्री पोळीच हवी. पोळीच दिली, त्याच न चाळलेल्या पिठाची. दुसऱ्या महिन्यात त्यांनी चाळणीबद्दल विचारणं बंद केलं.

चोवीस आठवड्यांनी

वजन ६८.६, कंबर ८९ सेंटिमीटर, सरासरी साखर ५.६, हिमोग्लोबिन ११.७. हिमोग्लोबिनात गोळीचा वाटा मोठा. साडेपाच किलोच्या आतबाहेर, म्हणजे मूळ वजनाच्या सात टक्क्यांहून थोडं जास्त. पावडरने महिन्यात अडीच किलो उतरवले होते, ते आठवून ताई आधी थोड्या हिरमुसल्या. पण सकाळी उठल्यावर टाच धरून चालायची सवय सुटली, हे त्यांच्याच लक्षात आलं, मला सांगायला विसरल्या होत्या. ब्लाउज दोनदा शिवून आत घेतले.

हीच यादी कुणी उचलून वापरू नये, कारण त्यामागची तपासणी ताईंची आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ताट एकदम हलकं केल्याने साखर खाली पडू शकते, आधी औषधाचं माप ठरवून घ्यावं लागतं. मूत्रपिंडाच्या आजारात कडधान्यं आणि काही भाज्या मोजून द्याव्या लागतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी घेऊन किमान अर्धा तास काही खाऊ नये आणि कोंडा-चोथ्याचं जड जेवण तिच्या लगेच मागोमाग ठेवू नये. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चोथा वाढवूच नये.

ताईंच्या बाबतीत अजून दोन गोष्टी बाकी आहेत. दुकानातल्या पाचच्या चहात अजून दोन चमचे साखर पडते, कारण चहा सगळ्यांचा एकत्र येतो; त्यावर फिका चहा वेगळा मागवायला त्या तयार नाहीत, आणि मी आता आग्रह सोडला आहे. आणि समोर सण आहेत. श्रावणात उपवास वाढतील, मग गणपती, मग दिवाळी. फराळाच्या तेलाचा कॅन बाटलीच्या हिशेबाबाहेर ठेवायचा, पण त्या पंधरा दिवसांत रोजच्या भाजीची बाटली पाचशे मिलिलिटरवर आणायची, असं आम्ही ठरवलं आहे. चकल्या किती, यावर बोलणी चालू आहेत.